चार वेळा चोवीस : विद्यार्थ्याच्या ताटातील प्रथिनांची वाटणी
(आहार विभागातर्फे पालक व देणगीदारांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांचे पालक आमच्या आहार विभागात येतात, तेव्हा बहुधा एकच प्रश्न विचारतात : "याला प्रथिने किती लागतात?" त्याच्याच जोडीने दुसराही प्रश्न विचारावा, असे आम्हांस वाटते. ती प्रथिने दिवसात केव्हा पोटात जातात? आज त्याविषयीच बोलू.

उदाहरणासाठी साठ किलो वजनाचा, निरोगी असा एक विद्यार्थी घेऊ. तो डोंबिवलीस राहतो, सकाळच्या लोकलने ठाण्याच्या महाविद्यालयात जातो आणि सायंकाळी परतल्यावर वजने उचलतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढांसाठी सुचविलेले प्रमाण दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम आहे. त्यानुसार त्याला सुमारे ५० ग्रॅम पुरतील. परंतु स्नायू वाढवू पाहणाऱ्यास दर किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने उपयोगी पडतात, असे २०१८ साली अनेक प्रयोगांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले. म्हणजे ९६ ग्रॅम. चार जेवणांत वाटले तर प्रत्येकी २४ ग्रॅम.

आता त्याचा नेहमीचा दिवस पाहू. सकाळी पोहे आणि चहा, यांतून ६ ग्रॅम. डब्यात तीन पोळ्या आणि भाजी, १२ ग्रॅम. सायंकाळी वडापाव, ६ ग्रॅम. रात्री दोन भाकऱ्या, आमटी आणि कोंबडीचा रस्सा, तब्बल ४६ ग्रॅम. एकूण ७० ग्रॅम झाले. त्यांतील दोनतृतीयांश एका रात्रीच्या ताटात.

याने काय बिघडते? चरबीसारखा प्रथिनांचा वेगळा साठा शरीर करीत नाही. पुरेशी प्रथिने मिळाली की स्नायूंची बांधणी काही तास वेग घेते आणि मग मंदावते. सहा ग्रॅमच्या न्याहारीने ती फारशी जागी होत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, व्यायामानंतरच्या बारा तासांत ८० ग्रॅम प्रथिने तीन प्रकारे वाटून दिली होती. दर तीन तासांनी २० ग्रॅम घेणाऱ्यांत बांधणी सर्वांत चांगली झाली; ४० ग्रॅम दोनदा किंवा १० ग्रॅम आठदा घेणारे मागे राहिले.

म्हणून त्याच विद्यार्थ्याची वाटणी अशी करता येईल. न्याहारीस थोड्या पोह्यांबरोबर तीन अंडी आणि २०० मिलिलिटर दूध घ्यावे. अंडी व दूध मिळूनच २४ ग्रॅम होतात. डब्यात तीन पोळ्या, ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ आणि ३० ग्रॅम शेंगदाणे असावेत, २५ ग्रॅम. सायंकाळी ५० ग्रॅम फुटाणे आणि दोन उकडलेली अंडी, २३ ग्रॅम. रात्री दोन भाकऱ्या, वाटीभर आमटी आणि ६० ग्रॅम कच्च्या वजनाची कोंबडी, २४ ग्रॅम. बेरीज बरोबर ९६. शाकाहारी घरात तीन अंड्यांऐवजी ३५ ग्रॅम कोरड्या सोया वड्या उपम्यात घालाव्यात आणि दोन अंड्यांऐवजी ६५ ग्रॅम पनीर द्यावे. उन्हाळ्यात गाडीच्या गर्दीत उसळ आंबते. अशा दिवशी डब्यात फुटाणे वाढवावेत.

येथे एक चूक वारंवार होते. अन्नाचे वजन आणि प्रथिनांचे वजन एकच समजले जाते. शंभर ग्रॅम अंडी म्हणजे शंभर ग्रॅम प्रथिने नव्हेत. ती जेमतेम तेरा ग्रॅम असतात. तसेच डाळ, मटकी आणि सोया कोरडी असतानाच तोलावीत. भिजल्यावर वजन वाढते ते पाण्याने, आणि हिशेब फुगतो.

या वाटणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. २०२३ साली नेदरलँड्समधील एका प्रयोगात एकदम घेतलेली १०० ग्रॅम प्रथिनेही वाया न जाता दीर्घकाळ वापरली गेली. तेव्हा आधी दिवसाची बेरीज, मग वाटणी. एखाद्या दिवशी लोकल चुकली आणि जेवण लांबले, तर घाबरण्याचे कारण नाही.

उपयोग होतो की नाही, हे आठ ते बारा आठवड्यांच्या नोंदीवरून कळते. वजन सावकाश वाढते, उचलण्याची ताकद वाढते आणि कंबर तेवढीच राहते, तर मार्ग योग्य आहे. कंबरही वाढू लागली तर एकूण अन्न अधिक होत आहे. वजन उतरू लागले तर पोळी-भात कमी पडतो आहे. अशा वेळी प्रथिनांचा काही भाग इंधन म्हणूनच जळतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून प्रथिने वाढवू नयेत.

पालकांनी घरी इतके करावे : आठवडाभर मुलाच्या चारही जेवणांतील पदार्थ वहीत लिहावेत आणि ती वही घेऊन आमच्याकडे यावे. त्यावरून वाटणी बसविणे सोपे जाते.