शून्याच्या दोन बाजू



बारावीच्या वर्गातील एका मुलापुढे पुढील समाकल येतो:

∫₋₁¹ x²/(1+eˣ) dx

तो खंडशः समाकलन करून पाहतो, चल बदलून पाहतो आणि दोन पाने भरल्यावर थांबतो. त्यात त्याचा दोष नाही. या फलनाचे प्रतिअवकलज परिचित फलनांत मांडताच येत नाही. तरीही उत्तर मिळते. ते सीमांत दडलेले असते.

−1 आणि 1 शून्यापासून सारख्याच अंतरावर आहेत. म्हणून x च्या जागी −x घ्यावे. dx चे चिन्ह बदलते, सीमांची अदलाबदल होते आणि हे दोन्ही बदल एकमेकांना खोडून काढतात. समाकलाचे मूल्य तेच राहते, रूप मात्र x²/(1+e⁻ˣ) होते. जुने व नवे रूप यांची बेरीज केली की छेदांतील घातांकी पदे नाहीशी होतात, कारण 1/(1+eˣ) आणि 1/(1+e⁻ˣ) यांची बेरीज नेहमीच 1 असते. x = 1 घेऊन पडताळा पाहावा: 0.269 आणि 0.731. तेव्हा समाकलाची दुप्पट म्हणजे −1 ते 1 या अंतरालावरील x² चा समाकल, अर्थात 2/3. उत्तर 1/3.

येथे घडले ते असे. कोणतेही फलन सम आणि विषम अशा दोन भागांत विभागता येते. [f(x)+f(−x)]/2 हा सम भाग, [f(x)−f(−x)]/2 हा विषम भाग. विषम भागाचे डावीकडील क्षेत्र उजवीकडील क्षेत्राला खोडते. प्रस्तुत फलन स्वतः समही नाही, विषमही नाही. परंतु त्याचा सम भाग केवळ x²/2 आहे, आणि समाकलाला तेवढाच लागतो.

हे कळले की घाई होते. 1/x विषम आहे, म्हणून −1 ते 1 या सीमांत त्याचा समाकल शून्य, असे तोच मुलगा बेधडक लिहून टाकतो. पण 0.01 पासून 1 पर्यंत त्याचे क्षेत्र सुमारे 4.6 भरते, 0.001 पासून 6.9, शून्याजवळ जावे तसे ते अमर्याद वाढते. डावीकडे −ε पर्यंत आणि उजवीकडे 2ε पासून मोजले, तर बेरीज शून्य न येता −ln 2, म्हणजे सुमारे −0.69 येते. तोडण्याची जागा बदलताच उत्तर बदलते. तेव्हा हा समाकल अस्तित्वातच नाही.

याउलट 1/∛x हेही विषम आहे आणि शून्यापाशी तेही अनंताकडे जाते. मात्र उजवीकडील क्षेत्र 3/2 इतके सांत आहे, डावीकडील −3/2. येथे लिहिलेले शून्य बरोबर आहे.