माहितीपत्रकाच्या फोटोवरून औषधाच्या मात्रेची यादी कशी तयार करावी?

(पशुपालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जंतनाशक औषधाच्या खोक्यात अनेक घड्या घातलेला एक पातळ कागद असतो. त्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत मात्रेचा तक्ता आणि औषधाचे दुष्परिणाम छापलेले असतात. अक्षर वाचवत नाही म्हणून आता बरेच पशुपालक मोबाईलवर त्या कागदाचा फोटो घेतात आणि तो मोठा करून पाहतात. ही पद्धत चांगली आहे. मात्र औषध पाजण्याच्या वेळी एका हातात जनावराची मुसकी आणि दुसऱ्या हातात बाटली असते. तेव्हा फोटोत बोट सरकवून तक्ता शोधता येत नाही. त्यासाठी फोटोवरून दोन रकान्यांची साधी यादी आधीच कागदावर उतरवून गोठ्यात लावावी. ती कशी करावी आणि बरोबर उतरली की नाही हे कसे ओळखावे, एवढेच आज पाहू.

उदाहरणासाठी गोलकृमी आणि यकृतातील पर्णकृमी या दोन्हींवर चालणारे एक पातळ औषध घेऊ. त्यात लेव्हामिसोल आणि ऑक्सिक्लोझानाइड असे दोन घटक आहेत. लेव्हामिसोल गोलकृमींवर आणि ऑक्सिक्लोझानाइड पर्णकृमींवर काम करते. असे समजू की पत्रकात एका मि.लि. औषधात लेव्हामिसोल 15 मि.ग्रॅ. आणि ऑक्सिक्लोझानाइड 30 मि.ग्रॅ. असल्याचे दिले आहे. ही झाली औषधाची तीव्रता. बाटलीवर हीच गोष्ट 1.5 टक्के आणि 3 टक्के अशी लिहिलेली असते, कारण 100 मि.लि. मध्ये दीड ग्रॅम म्हणजे एका मि.लि. मध्ये 15 मि.ग्रॅ. तक्त्यात गाय, म्हैस, शेळी व मेंढी यांच्यासाठी दर किलो वजनास लेव्हामिसोल 7.5 मि.ग्रॅ., ऑक्सिक्लोझानाइड 15 मि.ग्रॅ. आणि शेवटच्या रकान्यात 'दर 2 किलो वजनास 1 मि.लि.' असे आहे.

फोटो कसा घ्यावा

कागद पाटावर किंवा वहीच्या पुठ्ठ्यावर सपाट पसरावा. घडीची रेघ नेमकी आकड्यांवरून जात असेल तर ती आधी हाताने दाबून घ्यावी. दिवसाउजेडी, सावलीत, फ्लॅश बंद ठेवून आणि मोबाईल कागदाच्या अगदी वर सरळ धरून फोटो घ्यावा. मोबाईल तिरका धरला की तक्त्याच्या ओळी वाकड्या दिसतात आणि एका जनावराचा आकडा दुसऱ्याच्या ओळीत वाचला जातो. पूर्ण कागदाचा एक, तक्त्याचा जवळून दुसरा आणि बाटलीवरील चिठ्ठीचा तिसरा असे तीन फोटो असावेत. चिठ्ठीच्या फोटोत तीव्रता, बॅच क्रमांक आणि मुदत स्पष्ट दिसली पाहिजे. फोटो शहरातील मुलाला किंवा मुलीला पाठवून यादी करून घ्यायची असेल तर व्हॉट्सॲपवर तो फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. फोटो म्हणून पाठविल्यास तो दाबून लहान केला जातो आणि आकड्यांमधील दशांश चिन्ह पुसट होते.

काही मोबाईलमध्ये फोटोतील अक्षरे उचलून घेण्याची सोय असते. मजकुराच्या परिच्छेदासाठी ती उपयोगी पडते, पण तक्त्यासाठी तिच्यावर विसंबू नये. रकान्यांच्या रेषा निघून जातात आणि सगळे आकडे एका ओळीत एकामागून एक येतात. मग कोणता आकडा कोणत्या घटकाचा हे कळत नाही. तक्ता डोळ्यांनी पाहून हातानेच उतरवावा.

मात्रेचा भाग

यादीच्या डोक्यावर सर्वप्रथम औषधाचे नाव नव्हे, तर तीव्रता लिहावी. नंतर डाव्या रकान्यात जनावर आणि वजन, उजव्या रकान्यात फक्त मि.लि. लिहावे. मि.ग्रॅ. चे आकडे यादीत घेऊ नयेत, कारण मि.ग्रॅ. आणि मि.लि. शेजारी आले की घाईत एकाच्या जागी दुसरे वाचले जाते. मि.ग्रॅ. चा उपयोग पडताळणीसाठी करावा. ती अशी करावी:

दर किलोस लागणारे मि.ग्रॅ. × जनावराचे वजन ÷ एका मि.लि. मधील मि.ग्रॅ. = द्यावयाचे मि.लि.

आपल्या उदाहरणात 300 किलोची गाय घेऊ. लेव्हामिसोलने हिशेब केला तर 7.5 × 300 = 2250, त्याला 15 ने भागले की 150 मि.लि. येतात. ऑक्सिक्लोझानाइडने केला तर 15 × 300 = 4500, भागिले 30, म्हणजे पुन्हा 150 मि.लि. आणि 'दर 2 किलोस 1 मि.लि.' यावरूनही 150 मि.लि. च. तीन वाटांनी एकच उत्तर आले म्हणजे तक्ता बरोबर वाचला गेला.

आता चूक झाल्यावर काय दिसते ते पाहा. दशांश चिन्ह फोटोत उमटले नाही आणि 7.5 च्या जागी 75 वाचले गेले, तर लेव्हामिसोलचा हिशेब 1500 मि.लि. सांगेल. दुसऱ्या घटकाचे उत्तर 150 च राहील. दोन उत्तरे जुळली नाहीत की फोटो पुन्हा पाहावा. दुसरी नेहमीची चूक म्हणजे 'दर 2 किलोस 1 मि.लि.' हे उतरवताना उलटे होऊन 'दर किलोस 2 मि.लि.' होणे. त्याने त्याच गाईला 600 मि.लि., म्हणजे चौपट औषध जाईल. लेव्हामिसोलच्या बाबतीत योग्य मात्रा आणि विषबाधा करणारी मात्रा यांत अंतर फार नाही, त्यामुळे ही चूक जनावराच्या जिवावर बेतू शकते.

या पडताळणीला एक मर्यादा आहे. पत्रक एका बाटलीचे आणि हातातील बाटली दुसरी असेल तर हिशेब जुळूनही मात्रा चुकते. हेच औषध 3 टक्के आणि 6 टक्के अशा दुप्पट तीव्रतेतही बनते. त्याचे 300 किलोच्या गाईला 75 मि.लि. च पुरतात. जुनी यादी पाहून 150 मि.लि. पाजले तर दुप्पट मात्रा होईल. म्हणून तीव्रता यादीच्या डोक्यावर हवी आणि प्रत्येक वेळी ती बाटलीवरील आकड्याशी ताडून पाहावी.

वजन अंदाजाने धरू नये. छातीचा घेर पुढच्या पायांच्या मागे इंचात मोजावा. लांबी खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या माकडहाडापर्यंत मोजावी. घेराला घेराने गुणावे, त्याला लांबीने गुणावे आणि 660 ने भागावे. घेर 60 इंच व लांबी 55 इंच असेल तर 60 × 60 × 55 = 1,98,000, भागिले 660, म्हणजे सुमारे 300 किलो.

दुष्परिणामांचा भाग

पत्रकात तीन वेगळ्या गोष्टी जवळजवळ छापलेल्या असतात. 'साइड इफेक्ट्स' किंवा 'ॲडव्हर्स रिॲक्शन्स' या शीर्षकाखाली योग्य मात्रेतही दिसू शकणारे परिणाम असतात. 'ओव्हरडोस' खाली जादा मात्रेची लक्षणे असतात. 'कॉन्ट्राइंडिकेशन्स' व 'प्रिकॉशन्स' खाली औषध कोणाला व केव्हा देऊ नये हे असते. यादीत या तिघांची सरमिसळ होऊ देऊ नये. लाळ गळणे हे लक्षण पहिल्या दोन्ही ठिकाणी आढळेल. लेव्हामिसोल कृमींच्या मज्जातंतूंना सतत चेतवून त्यांना लुळे करते. मात्रा वाढली की तोच परिणाम जनावरावर होतो. योग्य मात्रेत थोडी लाळ, चाटणे किंवा डोके हलविणे दिसते आणि ते लवकर थांबते. जादा मात्रेत लाळेबरोबर जोराची थरथर, धडपड आणि श्वासाचा त्रास दिसतो.

सेंद्रिय स्फुरदयुक्त कीटकनाशकेही मज्जातंतूंच्या याच कार्यावर आघात करतात. म्हणून अशा औषधाने गोचीड मारण्यासाठी अंग धुतले असल्यास, त्याआधी व नंतर 14 दिवस लेव्हामिसोल देऊ नये असा इशारा पत्रकात असतो. तो सहसा शेवटच्या बारीक ओळीत असतो आणि फोटोच्या कडेला कापला जातो. म्हणून पूर्ण कागदाच्या फोटोत चारही कडा आल्या आहेत याची खात्री करावी.

आपल्या उदाहरणाची पूर्ण यादी अशी होईल:

| डावा रकाना | उजवा रकाना |
|---|---|
| तीव्रता, 1 मि.लि. मध्ये | लेव्हामिसोल 15 मि.ग्रॅ., ऑक्सिक्लोझानाइड 30 मि.ग्रॅ. |
| शेळी, 20 किलो | 10 मि.लि. तोंडावाटे |
| मेंढी, 30 किलो | 15 मि.लि. तोंडावाटे |
| वासरू, 80 किलो | 40 मि.लि. तोंडावाटे |
| गाय, 300 किलो | 150 मि.लि. तोंडावाटे |
| लाळ, चाटणे, डोके हलविणे | योग्य मात्रेतही दिसते, लवकर थांबते |
| शेण पातळ, भूक व दूध कमी | योग्य मात्रेतही दिसते, तात्पुरते |
| जोराची थरथर, श्वासाचा त्रास | जादा मात्रा. ताबडतोब डॉक्टर |
| स्फुरदयुक्त गोचीडनाशक वापरले | 14 दिवस देऊ नये |
| गाभण जनावर | पत्रकात सापडले नाही. डॉक्टरांना विचारावे |
| दूध किती दिवस वापरू नये | पत्रकात सापडले नाही. डॉक्टरांना विचारावे |

शेवटच्या दोन ओळी मुद्दाम ठेवल्या आहेत. जी गोष्ट पत्रकात सापडत नाही तिची जागा कोरी सोडू नये. कोरी जागा पाहून घरातील दुसरा माणूस 'काही अडचण नाही' असा अर्थ काढतो. दुधाबद्दल काहीच लिहिलेले नसणे म्हणजे दूध लगेच डेअरीला घालण्यास मोकळीक, असे नव्हे. उत्तर औषध पाजण्यापूर्वीच मिळवावे आणि त्या ओळीत लिहून ठेवावे. तसेच आपल्या आठवणीतील किंवा शेजाऱ्याने सांगितलेला आकडा या यादीत घालू नये. पत्रकातील आणि डॉक्टरांनी सांगितलेला, एवढेच दोन आकडे तीत असावेत, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्यापुढे 'डॉ.' असे लिहावे.

यादी पूर्ण झाल्यावर एकाने फोटोतून वाचावे आणि दुसऱ्याने यादीवर बोट ठेवून तपासावे. प्रत्येक आकडा 'सात दशांश पाच' असा फोडून वाचावा. मग ती पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून घ्यावी, कारण आपल्या जनावराला हे औषध द्यावयाचे की नाही हे यादी सांगू शकत नाही. ते शेण तपासून आणि जनावर पाहून डॉक्टरच ठरवतील. येथे दिलेले आकडे उदाहरणातील तीव्रतेपुरतेच आहेत. आपल्या घरातील बाटलीसाठी तिच्याच पत्रकावरून नवी यादी करावी, आणि बाटली संपली की जुनी यादी भिंतीवरून काढून टाकावी.