दांडा सोडला तरी जॅक खाली का येत नाही?

उन्हाळ्यात हिंगोली जिल्ह्यातल्या रस्त्यांवर हळदीच्या ट्रॉल्या दिसू लागतात. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या परिसरातूनही पॉलिश केलेली हळद पोत्यांत भरून हिंगोलीच्या मार्केट यार्डाकडे निघते. अशी भरलेली ट्रॉली वाटेत एका अंगाला कलली, म्हणजे टायर बसला हे चालकाला मागे न बघताही कळतं. मग सीटखालून स्क्रू जॅक निघतो, दांडा निघतो आणि जॅकखाली ठेवायला एक फळकूट शोधलं जातं.

पुढची पाच मिनिटं बघण्यासारखी असतात. चालक दांडा फिरवतो आणि चाक बोटभर, मग चार बोटं वर येतं. तो घाम पुसायला थांबतो, दांडा पूर्ण सोडतो, आणि दोन टन वजन असूनही जॅकचा स्क्रू उलटा फिरत नाही. त्याला कुठे खुंटी लावलेली नसते, की कसली कळ नसते.

हे समजायला एक कागद पुरतो. कागदाचा काटकोन त्रिकोण कापून तो पेन्सिलीवर गुंडाळला, की तिरक्या कडेचे आटे तयार होतात. आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला चढ. डोंगराला वळसे घालत वर जाणारा घाटरस्ताच म्हणा. नटावर टेकून फिरणारा स्क्रू हा चढ चढत असतो, आणि डोक्यावरचं वजन त्याला सतत खाली ढकलत असतं.

आता एक जॅक हिशेबाला घेऊ. त्याचा स्क्रू बाहेरून 50 मिलिमीटर जाडीचा, आटे चौकोनी आणि पिच 8 मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात स्क्रू 8 मिलिमीटर वर सरकतो. आट्याच्या मधोमध मोजलं तर व्यास 46 भरतो, आणि तिथे एका फेऱ्याची वाट साधारण 145 मिलिमीटर होते. म्हणजे 145 चालून 8 चढायचे. हा चढ अठरास एक पडतो. कोनात मोजला तर जेमतेम तीन अंशांचा.

धातूवर धातू घासताना, आट्यांना थोडं वंगण असताना, घर्षणांक साधारण 0.15 धरतात. त्याचा साधा अर्थ असा की शंभरावर पंधरा चढापर्यंत वस्तू जागची घसरत नाही. आपल्या 145 मिलिमीटरच्या वाटेवर ही हद्द येते सुमारे 22 मिलिमीटरवर. आपला चढ 8 चा, म्हणून वजन स्क्रूला उलटं फिरवू शकत नाही. इंजिनिअर याला सेल्फ-लॉकिंग म्हणतात. घर्षणाचा कोन चढाच्या कोनापेक्षा मोठा असला पाहिजे, एवढीच त्याची अट.

मात्र हे अडून राहणं फुकट मिळत नाही. त्याची किंमत चालकाच्या खांद्यांना विचारावी. चाकावर 2 टन भार आणि दांडा अर्धा मीटर लांब असा हिशेब मांडला, तर घर्षण अजिबात नसताना दांड्याच्या टोकाला पाच किलोंचा जोर पुरला असता. आट्यांच्या घर्षणामुळे तो एकोणीस किलोंवर जातो. म्हणजे नुसत्या आट्यांची कार्यक्षमता 27 टक्क्यांच्या आत राहते. त्यातच जॅकच्या डोक्यावरची वाटी असते. ती एक्सलला टेकून स्थिर राहते आणि स्क्रू तिच्याखाली घासत फिरतो. वाटीची घासण सरासरी 25 मिलिमीटर त्रिज्येवर धरली, तर तिचे आणखी पंधरा किलो होतात. एकूण चौतीस. म्हणजे खर्चलेल्या श्रमातले शंभरात पंधराच वजन उचलण्याच्या कामी आले.

दांड्यावर लांब पाइप चढवला की जोर कमी लागतो, म्हणून जॅक ‘सुधारला’ असं अनेकांना वाटतं. तसं नाही. जोर निम्मा झाला तर हाताला दुप्पट वाट चालावी लागते, श्रम तेवढेच राहतात. वर लांब पाइपाने स्क्रूवर गरजेपेक्षा जास्त पीळ पडण्याचा धोका असतो तो वेगळाच.

मग जास्त कार्यक्षम जॅक का बनवत नाहीत? आट्याचा चढ तीव्र केला की कार्यक्षमता खरोखरच वाढते. त्याच जाडीच्या स्क्रूवर एकाऐवजी दोन आटे शेजारी-शेजारी कापले, तर एका फेऱ्यात 16 मिलिमीटर चढ होतो आणि आट्यांची कार्यक्षमता 42 टक्क्यांपर्यंत जाते. तीन आटे कापले तर चढ 24 होतो आणि कार्यक्षमता 51 टक्के. पण आपली हद्द 22 ची होती! तीन आट्यांचा स्क्रू ती ओलांडतो, आणि दांडा सोडताच वजन त्याला गरागरा खाली फिरवू पाहतं. वाटीच्या घासणीने तो कदाचित थांबेल, पण जीव तिच्या भरवशावर ठेवता येत नाही.

51 हा आकडा योगायोगाने आलेला नाही. वर चढवताना दिलेल्या श्रमाचा एक भाग वजनात साठतो आणि उरलेला घर्षण खातं. खाली येताना वजन आपला साठा परत देतं, पण वाटेत घर्षण पुन्हा जवळपास तेवढंच मागतं. साठा त्या मागणीपेक्षा कमी पडला तर वजन अडतं. म्हणूनच आपोआप अडणाऱ्या स्क्रूची कार्यक्षमता निम्म्यावर कधीच जात नाही. सीएनसी मशीनमधल्या बॉल स्क्रूची कार्यक्षमता नव्वद टक्क्यांच्या घरात असते, आणि तो उभा बसवला की वेगळा ब्रेक द्यावाच लागतो.

चौकोनी आट्यांचा फायदा असा की त्यांची बाजू भाराच्या दिशेला सरळ काटकोनात असते. तिरप्या बाजूच्या आट्यांत पाचर बसल्यासारखा दाब वाढतो आणि घर्षणही वाढतं. जॅकसाठी हे चौकोनी आटे चांगले. पण ते कापायला कटकटीचे, आणि झिजले की दुभंगी नट आवळून ढिलेपणा काढता येत नाही.

घर्षणांक मात्र कायम एक राहत नाही. भरपूर ग्रीसने तो 0.10 वर आला तर हद्द 22 वरून साडेचौदावर येते. एका आट्याचा जॅक तरीही भक्कम अडतो. कालपर्यंत अडणारा दोन आट्यांचा स्क्रू मात्र ग्रीस लावल्या दिवशी सरकू लागेल. थरथरही असंच करते. ट्रॅक्टरचं इंजिन चालू राहिलं किंवा शेजारून लोडेड ट्रक गेला, की पृष्ठभाग क्षणभर एकमेकांवरची पकड सोडतात आणि स्क्रू केसभर उलटा फिरू शकतो.

हे ओळखायला खडू पुरतो. चाक जमिनीपासून जेमतेम सुटलं की स्क्रूवर आणि जॅकच्या अंगावर समोरासमोर एकच रेघ ओढावी, दांडा काढावा आणि थोडा वेळ थांबावं. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकले, तर वजन उतरवून तो जॅक बाजूला ठेवावा. स्क्रूला पितळी भुकटी चिकटलेली असेल किंवा रिकामा स्क्रू नटात खडखडत असेल, तर नटाचे आटे झिजलेत. असा नट घर्षणाने कदाचित अडेलही, पण भाराखाली त्याचे आटे एकदम कापले जातात.

उतरवतानाही दांड्यावर चोवीस किलोंच्या आसपास जोर लावावा लागतो. नवशिका चालक तिथे चकतो. वजन खालीच तर जायचंय, मग एवढी ताकद कशाला, असं त्याला वाटतं, आणि तो जॅक जाम झाला समजून त्यावर हातोडी मारतो. उतरताना दांडा सहज, एका बोटाने फिरला असता, तर मात्र त्याने पळून दूर व्हायला हवं होतं.