तापात आकडी आली तर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. व्यासपीठावर उभे राहून बोलायचा हा माझा पहिलाच प्रसंग. कार्यवाह बाईंनी सांगितले, "तुमच्या घरात जे घडलं तेच सांगा, ते साऱ्याजणींच्या उपयोगी पडेल." म्हणून धीर करून उभी राहिले आहे. बोलायचे आहे ते लहान मुलांना तापात येणाऱ्या आकडीबद्दल. माझ्या घरात ती दोनदा आली. एकदा माझ्या मुलाला आणि एकदा माझ्या नातीला. पहिल्या वेळी आम्ही सारे चुकलो. दुसऱ्या वेळी चुकलो नाही.

मुलगा तेव्हा चौदा महिन्यांचा होता. त्याला आता तेवीस वर्षे झाली. आमचे घर डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. पावसाळ्याचे दिवस, तिन्हीसांजेची वेळ. दुपारपासून पोर किरकिरत होते, अंग तापले होते. मी चुलीपाशी होते. एकाएकी त्याने डोळे पांढरे केले, अंग लाकडासारखे ताठ झाले, दातखीळ बसली, तोंडाला फेस आला आणि हातपाय उडू लागले. ओठ निळे पडले. मला वाटले, गेले माझे पोर.

मग घरात एकच धांदल उडाली. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. आपल्या जुन्नर-आंबेगावात कांद्याला काय तोटा! कोणी चप्पल हुंगवली. कोणी मुठीत किल्ली दिली. दातखीळ उघडावी म्हणून एकाने पितळी चमचा दातांत घातला आणि पिळला. दुसऱ्याने फटीतून पाणी ओतले. दोघांनी हातपाय दाबून धरले. झटके थांबले तेव्हा साऱ्यांना वाटले, आपल्या उपायांनी गुण आला.

पोराचा पुढचा दात तुटला होता. ओतलेले पाणी श्वासनळीत गेले होते. दोन दिवसांनी त्याची छाती भरली आणि आठ दिवस त्याला दवाखान्यात ठेवावे लागले. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला जवळ बसवून जे सांगितले ते मी आजवर विसरले नाही. त्या म्हणाल्या, "आई, आकडीनं तुमच्या बाळाला काही केलं नाही. जे केलं ते माणसांच्या हातांनी केलं."

भगिनींनो, मला आज सांगायचे आहे ते मुख्यतः एवढेच. ही आकडी बहुतेक वेळा आपली आपण थांबते, दोन-तीन मिनिटांत. कांद्याने थांबत नाही आणि किल्लीनेही नाही. उपाय चालू असताना ती थांबते, म्हणून उपायाला श्रेय मिळते.

ती येते कशामुळे, तेही त्या बाईंनी समजावले. सहा महिने ते पाच वर्षे या वयात मुलाचा मेंदू अजून वाढीला लागलेला असतो. ताप चढताना काही मुलांच्या मेंदूला तो सोसत नाही आणि झटके येतात. पुष्कळदा तापाच्या पहिल्याच दिवशी येतात. कधी कधी तर आईला ताप कळायच्या आधीच आकडी येते. आईबापांपैकी कोणाला लहानपणी आली असेल तर मुलाला येण्याचा संभव जास्त. यात बाहेरचे काही नाही, दृष्ट नाही, आणि आईची हयगयही नाही.

आता दुसरा प्रसंग. गेल्या श्रावणात लेक माहेरपणाला आली होती. नात दीड वर्षाची. दुपारी नाक वाहत होते, रात्री अंग तापले. नऊच्या सुमारास लेकीच्या मांडीवरच तिला आकडी आली. लेकीने किंकाळी फोडली. माझेही काळीज धडधडत होते, पण या वेळी काय करायचे ते मला ठाऊक होते.

मी नातीला गोधडीवर खाली घेतले आणि डाव्या कुशीवर वळवले. कूस याच्यासाठी, की तोंडातली लाळ किंवा ओकारी बाहेर गळून पडावी, घशात उतरू नये. गळ्याजवळची गुंडी काढली, कानटोपी आणि शाल दूर केली. जवळचा स्टीलचा तांब्या लागू नये म्हणून सरकवला. जावयांना म्हटले, "तुम्ही घड्याळाकडे बघा आणि मिनिटं मोजा." दिरांना 108 ला फोन लावायला सांगितले. ही गाडी आपल्या महाराष्ट्रात 2014 पासून आहे, पैसे लागत नाहीत. खरे पाहता पाच मिनिटांच्या वर आकडी चालली तर फोन करायचाच असतो. पण आपल्या डोंगराकडच्या वाड्यांवर गाडी यायला वेळ लागतो. म्हणून पहिलीच आकडी असेल तर दुसऱ्या माणसाने आधीच फोन करावा. गाडी येईपर्यंत पोर बरे झाले तर आनंदच आहे.

तेवढ्यात शेजारच्या काकू चमचा घेऊन धावत आल्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं, जीभ गिळंल ना ती!" मी म्हटले, "आत्याबाई, जीभ गिळली जात नाही. फार तर चावली जाते, ती भरून येते. तुटलेला दात घशात गेला तर काय करायचं?" सासूबाईंनी काकूंचा हात धरला. त्यांना नातवाचा दात आठवला असेल.

नुसते बसून बघणे सगळ्यात अवघड असते, बायांनो. ओठ निळसर होतात, श्वास अडखळतो. पण मी हात दाबले नाहीत, तोंडात बोट घातले नाही, पाणी पाजले नाही, तापाचे औषधही पाजले नाही. आकडी चालू असताना पोटात काहीच द्यायचे नाही. एक हात तिच्या पाठीमागे, ती उताणी होऊ नये म्हणून, आणि नजर तिच्यावर. दोन्ही बाजूंचे हातपाय उडतात की एकाच बाजूचे, हे मी पाहून ठेवले. डॉक्टर हे विचारतातच. जावयांनी अडीच मिनिटे मोजली. मला तो वेळ अडीच तासांचा वाटला. झटके विरळ झाले, अंग सैल पडले, लांब श्वास आला आणि ती रडली. मग झोपी गेली.

आकडीनंतर मूल झोपाळते, ते साहजिक आहे. त्याला हलवून उठवू नये, कुशीवरच राहू द्यावे, श्वास नीट चालला आहे ना ते पाहत राहावे. झटके थांबूनही श्वास दिसत नसेल तर मात्र क्षणभरही न दवडता 108 च्या माणसाला तसे सांगावे आणि तो फोनवर सांगेल त्याप्रमाणे श्वास द्यावा. आमच्या नातीने अर्ध्या तासात डोळे उघडले, आईला ओळखले आणि दोन्ही हात पसरले. तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

आणखी एक सांगते. आकडी चालू असताना पोराला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये उभे धरून पळवू नये. मान मागे पडते, लाळ घशात जाते, आणि आपल्याकडे रात्रीच्या वाटेवर बिबट्याचे भय वेगळेच. आधी कुशीवर ठेवावे, थांबू द्यावे, मग निघावे. आम्ही गाडी आल्यावर तिच्यातून त्याच रात्री दवाखान्यात गेलो.

पोर शुद्धीवर आले, मग दवाखाना कशाला, असे आपल्याला वाटते. तसे नाही. आकडी थांबली तरी ताप कशाने आला ते शोधावेच लागते. डॉक्टरांनी नातीची मान पुढे वाकवून पाहिली, टाळू चाचपली, घसा आणि कान पाहिला. कान लाल होता, तिथेच तापाचे मूळ होते. मान ताठ असती, मूल गुंगीतच राहिले असते, सारखी ओकारी असती, किंवा दाबूनही न पुसणारे जांभळे ठिपके अंगावर असते, तर मेंदूच्या आवरणाला सूज असल्याची शंका घ्यावी लागली असती. तो आजार वेगळा आणि जिवावरचा. त्याचप्रमाणे मूल सहा महिन्यांहून लहान असेल, चोवीस तासांत पुन्हा आकडी आली, अंगाची एकच बाजू उडाली, तासाभराने मूल शुद्धीवर आले नाही, किंवा ताप नसताना आकडी आली, तर सकाळची वाट पाहू नये.

पाच मिनिटांचा आकडा का, तेही मी विचारून घेतले. तेवढ्यात न थांबलेली आकडी आपली आपण थांबण्याचा भरवसा कमी होतो. मग नाकात, गालात किंवा शिरेतून औषध देऊन ती थांबवावी लागते. म्हणून घड्याळ हवे. घाबरलेल्या माणसाचा अंदाज खरा नसतो.

तापाच्या औषधाचा एक खुलासा करते. पॅरासिटामोल दिल्याने मुलाला बरे वाटते, ते चार घोट पाणी पिते. पण त्याने पुढची आकडी टळत नाही. तेव्हा औषध देऊनही आकडी आली तर आईने स्वतःला बोल लावू नये, आणि घाबरून दुप्पट डोसही देऊ नये. मूल दहा किलोचे असेल तर साधारण दीडशे मिलिग्रॅम लागते. पण बाटल्या दोन तऱ्हांच्या मिळतात. पाच मिलिलिटरमध्ये सव्वाशे असलेली, तिचे सहा मिलिलिटर. आणि अडीचशे असलेली, तिचे तीनच. बाटली बदलली आणि माप तेच ठेवले तर दुप्पट औषध पोटात जाते. म्हणून बाटलीवरचा आकडा वाचून, वजन सांगून, डॉक्टरांकडून माप लिहून घ्यावे. दोन डोसांत सहा तासांचे अंतर ठेवावे. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. गार पाण्याने आंघोळ घालू नये, तिने हुडहुडी भरते. कपडे हलके ठेवावेत, पाणी पाजत राहावे.

शेवटी मनातले बोलते. माझ्या मुलाला लोक कितीतरी वर्षे फेफरेवाला म्हणत. मीही त्याला नदीवर पाठवत नसे. एकदा तापात आकडी आलेल्या शंभर मुलांत तीसेकांना ती पुन्हा येते. पण फेफरे हा आजार पुढे जडतो तो शंभरांत एक-दोघांनाच. या साध्या आकडीने बुद्धी मंदावत नाही. माझ्या मुलाला सहाव्या वर्षानंतर एकदाही आकडी आली नाही. आज तो बाजाराची गाडी चालवतो. हसला की कोपरा तुटलेला तो दात मला अजून दिसतो. दुधाचा दात पडून नवा आला, तरी आईच्या डोळ्यांना जुनाच दिसतो.

म्हणून आपापल्या घरातल्या आत्याबाईंना, जावांना, शेजारणींना आजच सांगून ठेवा. आकडी आल्यावर सांगायला सवड नसते. दृष्ट काढायची असेल तर पोर दवाखान्यातून घरी आल्यावर काढा. त्या अडीच मिनिटांत मात्र पोराला कुशीवर ठेवा, घड्याळाकडे बघा आणि हात रिकामे ठेवा.