आधी पत्र, मग पैसे



समजा, पुण्यातल्या एका गृहस्थांच्या क्रेडिट कार्डावर बँक 80 हजार रुपये बाकी दाखवते.
त्यातले निम्मे नुसते दंड आणि व्याज, असं त्यांचं म्हणणं.
वाद वर्षभर चालतो.
मग वसुली एजंटचा फोन येतो: ‘50 हजार भरा, विषय संपला.’

विषय असा संपत नाही.

शब्द कागदावर नसेल, तर उरलेले 30 हजार खात्यावर बाकीच दिसतात.
ते कर्ज उद्या दुसऱ्या कंपनीला विकलं गेलं, की मागणी पुन्हा सुरू.

म्हणून आधी पत्र, मग पैसे.

पत्र बँकेच्या लेटरहेडवर हवं, एजंटच्या नव्हे.
त्यात खाते क्रमांक, ठरलेली रक्कम आणि भरण्याची शेवटची तारीख हवी.
आणि एक वाक्य हवंच:
‘ही रक्कम पूर्ण व अंतिम तडजोड म्हणून स्वीकारत आहोत; ती मिळाल्यावर या खात्यावर कोणतीही मागणी उरणार नाही.’
‘अंशतः भरणा’ असं लिहिलं असेल, तर पत्र दुरुस्त करून घ्यावं.

तारीख मात्र चुकवू नये. उशीर झाला, तर बँक सवलत मागे घेऊ शकते.
पैसे एजंटच्या हातात न देता थेट कार्डाच्या खात्यात भरावेत.
नंतर ‘नो ड्यूज’ प्रमाणपत्र मागावं.

एक कडू गोष्टही ऐका.
सिबिलच्या नोंदीत असं खातं ‘क्लोज्ड’ नव्हे, ‘सेटल्ड’ दिसतं, आणि पुढचं कर्ज अवघड होतं.
दंडच चुकीचा असेल, तर तडजोडीआधी तो रद्द करण्याची लेखी तक्रार करावी.

बँकेनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.