पहिलं काम जाहिरातीतच

‘उत्साही उमेदवार हवेत’ एवढ्यावरून नवख्या मोबाइल डेव्हलपरला काय कळणार? समजा, पुण्यातल्या एका छोट्या स्टार्टअपने लिहिलं: फोन आडवा केला की अर्धा भरलेला फॉर्म कोरा होतो, ते आधी दुरुस्त करायचं.

आता काम दिसतं! फोन फिरवला की अँड्रॉइड सहसा तो स्क्रीन मोडून नव्याने उभारतो. माहिती व्ह्यूमॉडेलमध्ये ठेवली, तर ती टिकते. मात्र मेमरी कमी पडून अँड्रॉइडने मागे पडलेलं अ‍ॅपच बंद केलं, तर व्ह्यूमॉडेलही जातं. तिथे माहिती वेगळी जपावी लागते.

नवखा नेमका इथेच अडकतो. म्हणून त्याच जाहिरातीत पुढची ओळ असते: प्रत्येक बदल अनुभवी सहकारी तपासेल, रोज अर्धा तास शेजारी बसून शंका सोडवेल.