कार्डाचे पैसे थेट बँकेत टाकू नका

काकांच्या मिठाईच्या दुकानाची रोजची विक्री टॅलीत टाकायचा प्रोग्रॅम मी लिहिला. मॅपिंग सोपं वाटलं: मिठाई म्हणजे ‘विक्री ५%’, रोख म्हणजे ‘कॅश’, कार्ड म्हणजे थेट ‘बँक’. इथेच फसलो.

समजा विक्री १०,५००. जमेला विक्री १०,०००, सीजीएसटी २५०, एसजीएसटी २५०; नावे कॅश ६,०००, बँक ४,५००. पण बँकेत दुसऱ्या दिवशी आले ४,४५०, कमिशन कापून! महिनाअखेर पासबुक जुळेना, काका वैतागले.

आता कार्डविक्री ‘कार्ड येणे’ या लेजरला नावे पडते. पैसे आले की बँक ४,४५० आणि कमिशन ५० नावे (त्यावरचा जीएसटी तूर्त सोडा), ‘कार्ड येणे’ ४,५०० जमा. दोन दिवसांनीही तिथे शिल्लक दिसली, तर सेटलमेंट अडकलंय.